एकाच खोलीत कॉल तुटतो, नेट मात्र चालतं: व्होल्टी आणि वायफाय कॉलिंग नीट लावण्याची पद्धत

विदर्भातल्या गावाकडच्या घरांत ही तक्रार नेहमीची आहे. ओसरीत फोन स्वच्छ चालतो आणि मागच्या खोलीत गेलं की समोरचा माणूस "हॅलो, हॅलो" करत राहतो. त्याच खोलीत यूट्यूब चालतं, व्हॉट्सॲपवर फोटोही जातात. मग घरचे म्हणतात, नेटवर्क तर आहे, फोनच बिघडला असेल. कोणी नवीन फोन घेतो, कोणी सिम पोर्ट करतो, आणि खोलीतली अडचण तशीच राहते.

आजच्या फोनमधून कॉल दोन वाटांनी जाऊ शकतो. एक वाट टॉवरची, म्हणजे 4जीवरून बोलणं. तिला व्होल्टी म्हणतात आणि पडद्यावर ती `VoLTE` अशी दिसते. दुसरी वाट घरातल्या राउटरची, म्हणजे वायफाय कॉलिंग. कोणती वाट घ्यायची हे फोन आपलं आपण ठरवतो, तुम्हाला विचारत नाही. म्हणून सेटिंग चाळण्याआधी दोन गोष्टी शोधा: कॉल कोणत्या वाटेने चालला होता, आणि आवाज कोणाचा तुटत होता.

नेट चालतं, ते कशावर?

मागच्या खोलीत फोन वायफायला जोडलेला असेल तर यूट्यूब राउटरवरून चालतंय. त्यावरून टॉवरच्या सिग्नलबद्दल काहीच कळत नाही. दोन सिम असतील तर आणखी एक गोंधळ असतो. नेट एका कंपनीच्या सिमवर लावलेलं असतं आणि कॉल दुसऱ्या सिमवरून लागतो. नेट चांगलं म्हणताना आपण एका टॉवरचं बोलतो, कॉल तुटतो तो वेगळ्याच टॉवरचा.

आणि सिम एकच असलं, वायफाय बंद असलं, तरी नेट चालून कॉल तुटू शकतो. व्हिडिओ फोनमध्ये काही सेकंद आधीच येऊन साठतो. मधला एखादा तुकडा हरवला तर फोन तो पुन्हा मागवून घेतो, बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. बोलण्यात ही सवड नाही. आवाजाचे दर 20 मिलिसेकंदाला एक, म्हणजे सेकंदाला 50 छोटे तुकडे करून पाठवले जातात. उशिरा आलेला तुकडा काही कामाचा नसतो, फोन तो टाकून देतो. लागोपाठ काही तुकडे गेले की अर्धा शब्द गायब होतो.

यातच एक मोठा फरक दडलेला आहे. टॉवर कित्येक वॅटच्या ताकदीने बोलतो, तर 4जी फोन जास्तीत जास्त साधारण 200 मिलिवॅटने, म्हणजे एक वॅटच्या पाचव्या हिश्शाने. त्यामुळे सिग्नल कमी असलेल्या खोलीत टॉवरचं फोनला ऐकू येत राहतं, पण फोनचं टॉवरपर्यंत पोचत नाही. तुम्हाला समोरचा स्पष्ट ऐकू येतो आणि त्याला तुमचा आवाज तुटका येतो. व्हिडिओ बघताना जवळजवळ सगळी माहिती टॉवरकडून फोनकडे येते, म्हणून तिथे हा दोष दिसतच नाही.

तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: कोणाला कोणाचं ऐकू येत नाही? फक्त समोरच्याला तुमचं ऐकू येत नसेल आणि कॉल टॉवरवरून असेल, तर खोलीतला सिग्नल हाच पहिला संशय. मात्र ओसरीत किंवा अंगणातही समोरच्याला तुमचं ऐकू येत नसेल, तर फोनचं कव्हर काढा आणि खालचं माइकचं भोक धुळीने किंवा कापसाच्या तंतूंनी बुजलंय का ते बघा. ती अडचण खोलीची नाही.

काड्या मोजू नका, आकडा बघा

पडद्यावरच्या सिग्नलच्या काड्या प्रत्येक कंपनीचा फोन आपल्या हिशेबाने दाखवतो. खरा आकडा अँड्रॉइडमध्ये `Settings`, मग `About phone`, मग `Status` किंवा `SIM status` इथे मिळतो. `Signal strength` पुढे -97 dBm असा आकडा दिसेल. तिथे नसेल तर डायल पॅडवर हे टाइप करा:

```
*#*#4636#*#*
```

उघडलेल्या यादीतून `Phone information` निवडा. सॅमसंगच्या बऱ्याच फोनवर हा कोड चालत नाही, तिथे `*#0011#` करून बघा. आयफोनवर `*3001#12345#*` डायल केलं की तपासणीचा पडदा उघडतो. या पडद्यांवर आकडे फक्त वाचायचे. तिथे नेटवर्कचा प्रकार `LTE only` करण्याचा सल्ला लोक एकमेकांना देतात, तो मानू नका. तो पर्याय तसाच राहिला तर 4जी गेल्यावर फोनला 2जीचा आधार उरत नाही आणि अडीनडीला कॉलच लागत नाही.

आकडा उण्यात असतो, म्हणून शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. 4जीसाठी ढोबळ अंदाज असा: -95 च्या आसपास किंवा त्याहून बरा असेल तर बोलायला अडचण नको. -105 पर्यंत निभतं. -110 च्या पुढे आवाज तुटायला लागतो आणि -118, -120 ला बोलणं नशिबावर असतं. वायफाय बंद करा, घरातल्या प्रत्येक खोलीत अर्धा मिनिट उभे राहा, आकडा स्थिरावला की कागदावर लिहा.

आकडा पडण्याची कारणंही घरातच सापडतात. टिनाचं छप्पर किंवा टिनाची भिंत रेडिओ लहरी परत फेकते. जाड भिंत आणि स्लॅब त्या शोषतात. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट होते, तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही: खिडकीत कूलर बसतो. मागच्या खोलीत सिग्नल यायला बहुतेक तेवढीच एक खिडकी असते आणि तिच्यात पत्र्याचं खोकं व ओल्या ताट्या येऊन बसतात. हिवाळ्यात नीट चालणारी खोली एप्रिलमध्ये मुकी झाली, तर आधी कूलर बघा.

दोन वाटा वेगळ्या करून तपासणी

खोलीत उभे राहून दोन कॉल करा. दोन्ही वेळा समोर तोच माणूस असू द्या आणि तो चांगल्या नेटवर्कमध्ये बसलेला असावा.

पहिला कॉल वायफाय पूर्ण बंद करून. आता कॉलला टॉवरशिवाय वाट नाही. एक ते शंभर आकडे सावकाश म्हणा आणि समोरच्याला कुठले आकडे गळले ते सांगायला सांगा. मग तो म्हणेल, तुम्ही ऐका. नुसतं "येतो का आवाज" विचारण्यापेक्षा यातून नक्की कळतं, कारण तुटकं वाक्य माणूस अंदाजाने जोडून घेतो, आकडा जोडता येत नाही.

दुसऱ्या कॉलसाठी आधी विमानाचं चिन्ह असलेला एअरप्लेन मोड लावा आणि मग फक्त वायफाय चालू करा. टॉवर आता बंद आहे. या स्थितीत साधा कॉल लागला तर तो वायफाय कॉलिंगवरूनच लागला. लागलाच नाही, तर वायफाय कॉलिंग चालू नाही किंवा राउटर त्याला अडवतोय. पुन्हा आकडे म्हणा.

या दोन कॉलनंतर अंदाज करायची गरज उरत नाही. पहिला तुटला आणि दुसरा स्वच्छ, तर वायफाय कॉलिंग नीट लावलं की काम झालं. पहिला स्वच्छ आणि दुसरा तुटका, तर टॉवर बिचारा ठीक आहे, कमकुवत वायफाय कॉल ओढून घेतंय. अशा घरात वायफाय कॉलिंग बंद करणं हाच उपाय आहे. दोन्ही तुटले, तर एक वाट दुरुस्त करावी लागेल, आणि बहुतेक वेळा वायफायची वाट दुरुस्त करणं आपल्या हातात असतं.

दारव्हा तालुक्यातलं एक घर

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे माझ्या आत्याचं घर आहे. समोर ओसरी, मधली खोली, मागे जाड भिंतींची झोपायची खोली, आणि त्यामागे गोठा. मुलगा पुण्याला असतो, रोज रात्री फोन करतो, आणि तेव्हा आत्या मागच्या खोलीत असते. तिची तक्रार तिच्याच शब्दांत: "त्याचा आवाज मले चांगला येते बाप्पा, पण माहा त्याले तुटून तुटून जाते. मंग तो म्हणते, आई, बाहेर ये."

वायफाय बंद करून आकडे घेतले. ओसरीत -97, मधल्या खोलीत -108, मागच्या खोलीत -119. खिडकीत कूलर होता. तो बाजूला सरकवल्यावर 119 चे 112 झाले, पण मे महिन्यात कूलर काढा असं कोणाला सांगणार? वायफाय बंद ठेवून केलेल्या कॉलवर आत्याला मुलगा पूर्ण ऐकू आला, मुलाला तिचे बरेच आकडे ऐकू आले नाहीत. फोनची ताकद टॉवरपर्यंत पुरत नव्हती.

एअरप्लेन मोडवरच्या कॉलमध्ये मात्र आवाज दोन्हीकडून तुटला. राउटर ओसरीत मीटरजवळ लावलेला होता. मागच्या खोलीत त्याचं वायफाय -77 होतं आणि फोन 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जोडलेला होता. हा पट्टा वेगवान असतो, पण भिंतीपुढे लवकर थकतो. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतीतून जास्त आत जातो. बोलण्यासाठी वायफाय -65 किंवा त्याहून बरं असावं, -70 ला कडेला, -75 च्या पुढे भरवसा नाही. वायफायचा आकडा मोफत मिळणाऱ्या वायफाय ॲनालायझर प्रकारच्या कुठल्याही ॲपमध्ये दिसतो.

म्हणजे आत्याच्या फोनवर वायफाय कॉलिंग चालू होतं आणि ते कॉल ओढतही होतं, पण खराब वाटेवर ओढत होतं. म्हणूनच कधी नुसता तिचा आवाज तुटायचा, कधी दोघांचाही.

राउटर हलवायचा तर फायबरची तार हलवावी लागते, ती केबलवाल्याशिवाय हलवू नये, कारण तार जास्त वाकली की आतली काच तडकते. त्याऐवजी ओसरीतल्या राउटरच्या एका लॅन पोर्टमधून लॅन केबल मागच्या खोलीपर्यंत भिंतीच्या कडेने नेली आणि तिथे घरात पडून असलेला जुना राउटर जोडला. जुना राउटर जोडताना तीन गोष्टी कराव्या लागतात. त्याचा पत्ता बदलायचा: मुख्य राउटर 192.168.1.1 असेल तर याला 192.168.1.2 द्यायचा. त्यातलं `DHCP` बंद करायचं, नाहीतर दोन राउटर फोनला वेगवेगळे पत्ते वाटतात आणि नेट मधूनच अडतं. आणि केबल त्याच्या `WAN` पोर्टमध्ये नाही, `LAN` पोर्टमध्ये घालायची. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हींवर एकच ठेवला, 2.4 गिगाहर्ट्झचे चॅनेल मात्र वेगळे, एकावर 1 आणि दुसऱ्यावर 11.

मागच्या खोलीत वायफाय -52 वर आलं. एअरप्लेन मोडवर पुन्हा आकडे म्हटले, एकही गळला नाही.

फोनमधली सेटिंग

आधी व्होल्टी. वायफाय कॉलिंग असलं तरी व्होल्टी चालू ठेवा, कारण बोलत बोलत वायफायच्या बाहेर पडलात तर चालू कॉल न तुटता टॉवरवर जायला व्होल्टी लागतं. सॅमसंगमध्ये `Connections`, मग `Mobile networks` मध्ये `VoLTE calls` आहे. शाओमीत सिमच्या सेटिंगमध्ये `Use VoLTE` आहे. इतर फोनवरही मोबाईल नेटवर्कमध्ये जाऊन सिमवर टॅप केलं की हा पर्याय सापडतो. दोन सिम असतील तर दोन्हींसाठी वेगळा बघा. लोक एकाच सिमवर चालू करून थांबतात.

जिओचं जाळं 4जी आणि 5जीचंच आहे, त्याला 2जी नाही, म्हणून त्या सिमवर व्होल्टी बंद म्हणजे साधा कॉल बंद. एअरटेल, व्ही आणि बीएसएनएलला 2जी आहे. तिथे व्होल्टी बंद असेल तर कॉल लावताना फोन 4जी सोडून खाली उतरतो, वरती `E` किंवा `H` दिसतं आणि कॉल होईपर्यंत नेट थांबतं किंवा रखडतं. एखाद्या खोलीत 2जीचा सिग्नल 4जीपेक्षा चांगला असेल तर असा कॉल जास्त स्थिर चालू शकतो. वायफाय नसलेल्या घरात हे करून बघायला हरकत नाही.

5जी फोन असेल आणि गावात 5जी कडेकडेलाच येत असेल, तर तपासणीपुरता नेटवर्कचा प्रकार 4जीवर ठेवा. भारतात 5जीसाठी वापरला जाणारा 3300 मेगाहर्ट्झच्या वरचा पट्टा भिंतीपुढे लवकर हार मानतो, आणि 5जी व 4जी यांच्यात ये-जा करताना कॉल लागायलाच वेळ जातो. 4जीवर सुधारणा दिसली तर तसंच राहू द्या.

मग वायफाय कॉलिंग. सॅमसंगमध्ये `Connections` मध्येच `Wi-Fi Calling`, शाओमीत सिमच्या सेटिंगमध्ये `Make calls using Wi-Fi`, आयफोनवर `Mobile Service` मध्ये `Wi-Fi Calling`. काही फोनवर आत आणखी एक निवड असते: वायफायला आधी पसंती की मोबाईल नेटवर्कला. खोलीत वायफाय भक्कम असेल तर वायफाय निवडा. घरभर वायफाय अर्धंमुर्धं असेल तर मोबाईल नेटवर्क निवडा, म्हणजे टॉवर अगदीच गेल्यावर फोन वायफायकडे वळेल. वायफाय आणि सिम एकाच कंपनीचं असण्याची गरज नाही, आणि समोरच्याकडेही काही लागत नाही. कॉल तुमच्या नेहमीच्या प्लॅनमधूनच जातो.

पर्याय चालू करून फोन एकदा बंद-चालू करा. तरीही एअरप्लेन मोडवर कॉल लागत नसेल, तर `SIM status` मध्ये `IMS registration` पुढे `Registered` आहे का बघा. तिथे `Not registered` असेल तर फोनचं अपडेट करा, कंपनीच्या दुकानात जाऊन तुमच्या सिमवर सेवा चालू आहे का विचारा, आणि सिम फार जुनं, 3जीच्या काळातलं असेल तर बदलून घ्या. `APN` च्या यादीत `ims` नावाची नोंद दिसली तर ती पुसू नका, व्होल्टी तिच्यावरच चालतं.

फोनकडून सगळं ठीक आणि दुसऱ्याच्या वायफायवर कॉल लागतो, पण घरच्या वायफायवर नाही, अशी गत असेल तर राउटरमध्ये जा. वायफाय कॉलिंग हा कॉल एका बंद बोगद्यातून कंपनीपर्यंत नेतं आणि त्यासाठी यूडीपीचे 500 आणि 4500 हे पोर्ट लागतात. राउटरच्या फायरवॉलमध्ये `IPSec passthrough` असेल तर चालू करा. फोनमध्ये व्हीपीएनचं ॲप असेल तर आधी ते बंद करून बघा, पुष्कळदा एवढ्यानेच कॉल लागतो.

लाईन गेली की

वायफाय कॉलिंगची सगळ्यात दुखरी जागा गावात वीज आहे. लाईन गेली की राउटर बंद, आणि त्या क्षणी चालू असलेला कॉलही तुटतो, कारण मागच्या खोलीत पडायला दुसरी वाटच नाही. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्या. घेण्याआधी राउटरच्या ॲडॅप्टरवर 12 व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते बघा, यूपीएस तेवढाच किंवा जास्त अँपिअरचा हवा. दोन राउटर असतील तर दोन्हींना आधार द्या, आत्याकडे पहिल्यांदा एकालाच लावला होता आणि दुसरा बंद पडून मागची खोली पुन्हा तशीच झाली. केबलवाल्याच्या गावातल्या पेटीलाच बॅटरी नसेल, तर घरातला यूपीएस उपयोगी पडणार नाही, ते त्याला आधी विचारून घ्या.

एक गोष्ट घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगून ठेवा. वायफाय कॉलिंगवर असताना 112 ला फोन केला तर तिकडे जागा बरोबर कळेलच असं नाही. गावाचं, तालुक्याचं आणि जिल्ह्याचं नाव तोंडाने सांगायचं.

बाजारात किंवा ऑनलाइन मिळणारा सिग्नल बूस्टर मात्र घेऊ नका. परवान्याशिवाय तो लावणं बेकायदा आहे, आणि चुकीचा बूस्टर टॉवरच्या कानात गोंगाट करून आजूबाजूच्या घरांचेही कॉल बिघडवतो.

घरात वायफायच नसेल, किंवा ओसरीतसुद्धा आकडा -115 च्या खाली असेल, तर सेटिंग कितीही बदला, टॉवरच लांब आहे. केंद्र सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर गावाजवळ कोणत्या कंपनीचा टॉवर आहे ते दिसतं. ज्या कंपनीचा टॉवर जवळ आहे तिचं सिम नातेवाइकाकडून घेऊन त्याच खोलीत आकडा बघा आणि मगच पोर्ट करा. तक्रार करायची तर आपल्या कंपनीच्या 198 क्रमांकावर करा आणि "नेटवर्क नाही" एवढंच म्हणू नका. गाव, खोलीतला आणि अंगणातला आकडा, तुटण्याची वेळ, आवाज कोणत्या बाजूने जातो, आणि लाईन गेल्यावर जास्त तुटतो का, हे सगळं सांगा. लाईन गेल्यावर अंगणातला आकडाही एकदम पडत असेल, तर जवळच्या टॉवरची बॅटरी टिकत नाही असा संशय घ्यायला जागा आहे, आणि ते तक्रारीत स्पष्ट सांगून तक्रार क्रमांक लिहून घ्या.